सुरुवातीला जुळतं, मग सरकतं : बदलता फ्रेम रेट आणि निसटणारा आवाज

भाषणं, वर्ग, मुलाखती यांची रेकॉर्डिंग दुरुस्त करून देताना एक तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते : "फाइल नुसती चालवली तर सगळं ठीक दिसतं, पण एडिटरमध्ये टाकली की आवाज आणि ओठ जुळत नाहीत." बहुतेक जण मग ध्वनीची पट्टी हाताने पुढेमागे सरकवत बसतात. एक जागा जुळली की दुसरी बिघडते, आणि त्यात रात्र जाते. या बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा आवाजात नसतंच. ते चित्राच्या फ्रेम रेटमध्ये असतं.

आधी लक्षणं पाहा

सर्वांत बोलकं लक्षण वर आलंच : व्हीएलसीसारख्या साध्या प्लेअरमध्ये ठीक, एडिटरच्या टाइमलाइनवर बिघडलेलं. असं असेल तर संशय थेट बदलत्या फ्रेम रेटवर घ्यावा.

दुसरं लक्षण म्हणजे सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं आणि पुढे कुठेतरी चित्र आवाजाच्या पुढे पळू लागतं. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. शेवटी चित्राची पट्टी संपते आणि आवाज काही सेकंद चालूच राहतो.

तिसरं लक्षण लोकांना फार गोंधळात टाकतं. सुरुवात जुळते, शेवटही जुळतो, पण मध्ये कुठेतरी दहा-बारा सेकंदांचा फरक असतो. शेवट तपासून फाइल पुढे पाठवणारे इथेच फसतात.

याउलट पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत फरक अगदी सारखा असेल, समजा नेहमीच अर्ध्या सेकंदाचा, तर तो हा बिघाड नाही. ती नुसती उशिराची गोष्ट आहे. ध्वनी एकदा सरकवला की काम संपतं आणि पुढचं वाचायची गरज नाही.

असं का होतं

ध्वनी ठरावीक गतीने नोंदला जातो, बहुतेक व्हिडिओंमध्ये सेकंदाला ४८,००० नमुने. खोलीत उजेड असो वा नसो, ही गती बदलत नाही. चित्राचं तसं नाही. फोनच्या कॅमेऱ्याला सेकंदाला ३० फ्रेम घ्यायच्या असतील तर एका फ्रेमला प्रकाश गोळा करायला जास्तीत जास्त एक तीसांश सेकंद मिळतो. उजेड कमी झाला की बरेच फोन स्वतःच २४ फ्रेमवर उतरतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमला थोडा जास्त प्रकाश मिळतो. स्क्रीन रेकॉर्ड करणारी कित्येक अ‍ॅप तर पडद्यावर काही हललं नाही तर नवी फ्रेम नोंदतच नाहीत.

यात चूक काहीच नाही. प्रत्येक फ्रेमसोबत ती कधी दाखवायची याची वेळ, म्हणजे टाइमस्टॅम्प, फाइलमध्ये लिहिलेली असते. प्लेअर ती वेळ वाचतो, म्हणून त्याच्याकडे सगळं जुळतं. एडिटरचं काम मात्र समान अंतराच्या चौकटींवर चालतं. काही एडिटर, विशेषतः जुन्या आवृत्त्या, टाइमस्टॅम्प बाजूला ठेवून फ्रेम नुसत्या मोजतात आणि एकामागोमाग एक चौकटींत बसवतात. जिथे सेकंदाला २४ फ्रेम होत्या तिथेही ते ३० धरतात, आणि ते सेकंद आक्रसतात. आवाज आपल्या जागी असतो. सरकतं ते चित्र.

एका नमुन्यावर हे पूर्ण करून पाहू, कारण आकडे मांडले की वरची तिन्ही लक्षणं उलगडतात. फोनवर ३० च्या गतीने रेकॉर्ड केलेलं ४० मिनिटांचं भाषण आहे. अठराव्या मिनिटाला पडद्यावर चित्रं दाखवायला दिवे मालवले, विसाव्या मिनिटाला पुन्हा लावले. त्या दोन मिनिटांत फोन २४ वर उतरला.

४० मिनिटं म्हणजे २,४०० सेकंद, म्हणजे ७२,००० फ्रेम हव्या होत्या. अंधाराच्या १२० सेकंदांत दर सेकंदाला ६ फ्रेम कमी पडल्या, म्हणजे एकूण ७२० कमी. फाइलमध्ये ७१,२८० फ्रेम आहेत. एडिटरने त्या ३० च्या हिशोबाने मांडल्या तर चित्र २,३७६ सेकंदांत संपतं, म्हणजे आवाजापेक्षा २४ सेकंद आधी. पण हे २४ सेकंद सगळीकडे वाटले गेलेले नाहीत. अठराव्या मिनिटापर्यंत फरक शून्य आहे. अठरा ते वीस या दोन मिनिटांत तो शून्यावरून २४ वर जातो, आणि तिथून शेवटपर्यंत २४ वरच राहतो.

दुसऱ्या प्रकारचा एडिटर सरासरी काढतो : ७१,२८० भागिले २,४००, म्हणजे २९.७०. सगळी फाइल याच गतीची आहे असं तो धरतो. आता चित्राची एकूण लांबी बरोबर २,४०० सेकंद येते आणि शेवट जुळतो. पण दिवे मालवण्याच्या क्षणी चित्र जवळजवळ ११ सेकंद मागे असतं, आणि दिवे लागण्याच्या क्षणी सुमारे १२ सेकंद पुढे. सुरुवात आणि शेवट ठीक, मध्य बिघडलेला, हे तिसरं लक्षण इथून येतं. चित्र किंवा आवाज एकसारखा ताणून हा दोष का जात नाही, हेही यातून दिसतं. ताणणं म्हणजे सरासरी लावणंच, आणि फरक तर फक्त दोन मिनिटांत तयार झालेला आहे.

तपासणी १ : मूळ फाइल प्लेअरमध्ये

याला पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटं पुरतात. एडिटर बंद करा आणि फोनमधून आलेली मूळ फाइल साध्या प्लेअरमध्ये उघडा. मेसेंजरवरून पाठवलेली प्रत चालणार नाही, कारण वाटेत तिचं पुन्हा एन्कोडिंग झालेलं असू शकतं. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी बोलणाऱ्याचे ओठ पाहा.

तिन्ही ठिकाणी जुळत असेल तर टाइमस्टॅम्प शाबूत आहेत आणि काम होण्यासारखं आहे. प्लेअरमध्येही बिघडलेलं असेल तर दोष रेकॉर्डिंगच्या वेळीच घुसला आहे. तेव्हा खालचं रूपांतर करून काही साधणार नाही, थेट शेवटच्या भागाकडे जा.

तपासणी २ : फरक तीन-चार जागी मोजा

आता टाइमलाइनवर या. टाळी, दार आपटणं, टेबलावर ठेवलेला पेला, "प" किंवा "ब" म्हणताना मिटलेले ओठ, अशा नेमक्या जागा शोधा आणि तिथे चित्र व आवाज किती फ्रेमने वेगळे आहेत ते लिहून ठेवा. दोन जागा पुरेशा नाहीत. दोन बिंदूंमधून सरळ रेषा नेहमीच जाते, त्यामुळे फरक एकसारखा वाढतोय की टप्प्याने, हे कळत नाही. निदान चार जागा घ्या.

फरक टप्प्याने बदलत असेल, काही ठिकाणी थांबून काही ठिकाणी उडी मारत असेल, तर तो बदलता फ्रेम रेटच. बहुतेकदा उडीच्या जागी चित्रात कारणही दिसतं : दिवे गेले, खिडकीचा पडदा ओढला, किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ एकच पान उघडं होतं.

फरक अगदी सरळ रेषेत वाढत असेल तर कारण दुसरं असण्याची शक्यता जास्त. २९.९७ च्या फाइलला चुकून ३० धरलं तर हजारात एकाचा फरक पडतो, म्हणजे ४० मिनिटांत २.४ सेकंद. इथे फाइलचा फ्रेम रेट एडिटरमध्ये बरोबर नेमून दिला की काम होतं. ४४,१०० नमुन्यांचा ध्वनी ४८,००० समजून वाजवला गेला तर ४० मिनिटांचा आवाज ३६ मिनिटं ४५ सेकंदांत संपतो आणि बोलणाऱ्याचा स्वर उघडच चढलेला ऐकू येतो, त्यामुळे ती चूक लपत नाही. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात. दहा लाखांत २० चा फरक धरला तर ४० मिनिटांत ४८ मिलिसेकंद होतात, जेमतेम दीड फ्रेम. तो सेकंदांमध्ये जात नाही. म्हणून दहा-वीस सेकंदांच्या फरकाचं खापर घड्याळांवर फोडू नका.

तपासणी ३ : फाइलच्या पोटात पाहा

मीडियाइन्फो हे मोफत साधन घ्या आणि त्यात मूळ फाइल उघडा. `Frame rate mode` या ओळीसमोर `Variable` दिसलं तर संशय खरा ठरतो. पण इथेच थांबू नका, कारण फोनच्या बहुतेक फाइलींसमोर हेच लिहिलेलं असतं. खालच्या `Minimum frame rate` आणि `Maximum frame rate` या दोन ओळीही पाहा. किमान २९.९ आणि कमाल ३०.१ असेल तर ती किरकोळ थरथर आहे, त्यातून सेकंदांचा फरक सहसा पडत नाही. किमान २४ च्या आसपास किंवा त्याहून खाली असेल तर गतीने खरोखर मार खाल्ला आहे. मात्र किमान आकडा एखाद्याच लांबलेल्या फ्रेममुळेही खाली येतो, म्हणून माझा भरवसा शेवटी फ्रेमच्या मोजदादीवर असतो.

एफएफएमपेग बसवलेलं असेल तर ही आज्ञा चालवा :

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=avg_frame_rate,duration,nb_frames -of default=nw=1 original.mp4
```

आपल्या नमुन्यात उत्तर असं येईल :

```
avg_frame_rate=297/10
duration=2400.000000
nb_frames=71280
```

सेकंद गुणिले ३० केलं की ७२,००० यायला हवेत, फाइलमध्ये ७१,२८० आहेत. कमी पडलेल्या ७२० ला ३० ने भागलं की २४ सेकंद. टाइमलाइनवर शेवटी मोजलेला फरक आणि हा आकडा जुळला तर निदान पक्कं झालं. सरासरी २९.७० दिसली म्हणून तिला २९.९७ समजण्याची चूक मी अनेकांकडून झालेली पाहिली आहे. दोन्ही आकडे डोळ्यांना सारखे वाटतात, पण एक ठरलेली मानक गती आहे आणि दुसरी नुसती सरासरी.

तपासणी ४ : स्थिर गतीत रूपांतर

आता पहिल्यांदा फाइलला हात लावायचा, तोही प्रतीला. मूळ फाइल कुठल्याही परिस्थितीत पुसू नका. टाइमस्टॅम्प तिच्यातच आहेत.

रूपांतरात टाइमस्टॅम्प वाचून प्रत्येक तीसांश सेकंदाच्या चौकटीत त्या क्षणाची फ्रेम ठेवली जाते. जिथे फ्रेम कमी आहे तिथे आधीचीच पुन्हा येते. आपल्या नमुन्यात अंधाराच्या दोन मिनिटांत अशा ७२० दुहेरी फ्रेम पडतील. तिथे हालचाल किंचित अडखळलेली दिसेल, पण आवाज जागेवर येईल.

```
ffmpeg -i original.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a copy cfr30.mp4
```

`fps=30` हा यातला कळीचा भाग. इथे सरासरी आकडा घालू नका. २९.७ घातलं तरी सिंक जुळेल, पण व्यवस्थित ३० ने घेतलेल्या भागातल्याही फ्रेम मधूनमधून गळतील आणि चित्र धक्के खाईल. कॅमेरा ज्या गतीवर लावला होता तीच गती द्या. `-c:a copy` मुळे ध्वनी जसाच्या तसा राहतो. `-crf 16` ने फाइल मोठी होते, पण पुढे अजून एकदा एक्स्पोर्ट होणार असल्यामुळे मी इथे काटकसर करत नाही.

काही जण वेळ वाचवण्यासाठी `-c:v copy` वापरतात किंवा एमकेव्हीची एमपीफोर करून पाहतात. त्याने फक्त डबा बदलतो. फ्रेम आणि त्यांच्या वेळा त्याच राहतात, म्हणून दोषही तसाच राहतो. नव्या फ्रेम घालायच्या तर चित्राचं एन्कोडिंग पुन्हा करावंच लागतं.

आज्ञा लिहायची सवय नसेल तर हँडब्रेक वापरा. त्यात `Video` या टॅबवर `Framerate (FPS)` समोर ३० निवडा आणि खाली `Constant Framerate` वर खूण करा. ही खूण विसरू नका. तिथल्या कित्येक तयार प्रीसेटमध्ये `Peak Framerate` निवडलेलं असतं. त्याचा अर्थ ३० ही वरची मर्यादा, त्याखाली गती बदलू शकते. लोक तासभर रूपांतर करतात, फाइल पुन्हा बदलत्या गतीचीच निघते, आणि मग "रूपांतराने काही होत नाही" असं सांगत येतात.

नवी फाइल पुन्हा तपासणी ३ मधून काढा. फ्रेम आता ७२,००० किंवा एखाद-दुसरी इकडेतिकडे हवी. मग मोजलेल्या त्याच चार जागा टाइमलाइनवर पाहा.

कापाकापी आधीच झाली असेल तर जुन्या फाइलच्या जागी नवी जोडताना सावध राहा. दिवे लागण्याचा क्षण जुन्या, चुकलेल्या टाइमलाइनवर १९ मिनिटं ३६ सेकंदांवर होता, नव्या फाइलमध्ये तो बरोबर २० मिनिटांवर आहे. म्हणजे अठराव्या मिनिटानंतरचा प्रत्येक काप नव्याने पाहावा लागेल. त्यासाठीच रूपांतर संपादनाच्या आधी करायचं.

तपासणी ५ : पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच स्थिर गतीने

हे सर्वांत कष्टाचं आहे, कारण सवय बदलावी लागते. आयफोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Record Video` खाली `Auto FPS` असतं, ते बंद करा. इतर फोनवर फ्रेम रेट आणि शटर दोन्ही हाताने बांधता येतील असं कॅमेरा अ‍ॅप घ्या. नुसता फ्रेम रेट बांधून शटर मोकळं सोडलं तर काही अ‍ॅप अंधारात गती तरीही उतरवतात. अंधारात चित्र काळपट आलं तर येऊ द्या, ते नंतर थोडं उजळता येतं. आणि फोनची फाइल बरीच स्थिर दिसली तरी लांब रेकॉर्डिंग मी एडिटरमध्ये घेण्याआधी एकदा रूपांतरातून काढतोच.

संगणकाचा पडदा रेकॉर्ड करायचा असेल तर ओबीएस वापरा. तो मुळात स्थिर गतीने लिहितो. संगणकावर ताण आला तरी तो चौकट रिकामी सोडत नाही, आधीची फ्रेम पुन्हा लिहितो. त्यामुळे `Stats` मध्ये `Skipped frames due to encoding lag` चा आकडा वाढत असेल तर चित्र अडखळेल, पण आवाज सरकणार नाही. हा फरक लक्षात ठेवा. अडखळणं हा संगणकाच्या ताकदीचा प्रश्न आहे, सरकणं हा वेळेच्या नोंदीचा. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

कुठे थांबायचं

काही ठिकाणी स्वतः खटपट थांबवून व्यावसायिक ध्वनी-संपादकाकडे जावं असं मी स्पष्ट सांगतो.

मूळ फाइल गेली आहे आणि हाती फक्त एडिटरमधून बिघडून निघालेली प्रत आहे, ही पहिली अवस्था. त्या प्रतीत प्रत्येक फ्रेमला नवी, समान अंतराची वेळ लिहिली गेली आहे. खऱ्या वेळा पुसल्या गेल्या, आता कोणतीही आज्ञा त्या परत आणू शकत नाही. उरतं ते ओठ पाहून तुकड्यातुकड्याने जुळवणं, आणि चाळीस मिनिटांचं ते काम सरावलेल्या माणसानेच करावं.

दुसरी अवस्था म्हणजे मूळ फाइल प्लेअरमध्येही बिघडलेली असणं, आणि आवाजात बारीक तुटकपणा किंवा शब्द गिळल्यासारखं ऐकू येणं. म्हणजे ध्वनीचेच नमुने गळाले आहेत. तिथे चित्राचा फ्रेम रेट बदलून काही होणार नाही.

तिसरी म्हणजे तीन-चार कॅमेरे, प्रत्येकाची गती वेगवेगळी बदलती आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. प्रत्येक फाइल आधी स्वतंत्रपणे स्थिर करून मग एकमेकींशी जुळवावी लागते. क्रम चुकला तर कोणता फरक कुठून आला हे शोधणं फार अवघड होतं.

आणि रेकॉर्डिंग पुरावा म्हणून कुठे द्यायचं असेल तर मूळ फाइलमध्ये काहीही बदलू नका. ती आहे तशी जपा आणि जाणकाराच्या हाती द्या.

जाताना मूळ फाइल, कोणत्या फोनवर वा अ‍ॅपमध्ये घेतली ते, मीडियाइन्फोने दाखवलेली माहिती आणि तपासणी २ मध्ये लिहिलेले चार आकडे सोबत न्या. त्या चार आकड्यांवरून संपादकाला फाइल उघडण्याआधीच कळतं की उडी कोणत्या मिनिटाला शोधायची.